दार उघडणाऱ्याला गाडी कुठे आहे हे माहीत होतं का?

प्रश्न: तीन दारं आहेत. एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. मी एक दार निवडलं, सूत्रसंचालकाने उरलेल्या दोनपैकी एक उघडलं आणि तिथे बकरी निघाली. दार बदलायचं का? मी म्हणतो, दोनच दारं उरली, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, बदललं तर दोन-तृतीयांश. पैज लागली आहे. मी पायथनमध्ये लाख डाव खेळवले, ५० टक्के आले. तिच्या प्रोग्राममध्ये ६६.७ येतात. माझ्या प्रोग्राममध्ये सूत्रसंचालक उरलेल्या दोनपैकी कुठलंही एक दार उघडतो आणि चुकून गाडी निघाली तर तो डाव मी सोडून देतो. चूक कोणाची?

उत्तर:

तुमचे दोन्ही प्रोग्राम बरोबर आहेत, पण ते दोन वेगळे खेळ खेळतात. तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि उत्तर तिथेच सापडलं. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवते. मॉन्टी हॉलचं कोडं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कोड्यावर वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे जण सांगतात की गाडी निघालेल्या डावाचं त्यांनी काय केलं. तुम्ही ते सांगितलंत, म्हणून नेमकं उत्तर देता येतं.

आधी संगणक बाजूला ठेवू. मनात ३०० डाव खेळू आणि प्रत्येक डावात तुम्ही १ नंबरचं दार निवडलंय असं धरू. गाडी कुठल्याही दारामागे सारख्याच शक्यतेने असते, म्हणून १०० डावांत ती १ मागे, १०० डावांत २ मागे आणि १०० डावांत ३ मागे.

मैत्रिणीच्या खेळातल्या सूत्रसंचालकाला गाडी कुठे आहे हे ठाऊक आहे आणि तो नेहमी बकरीचंच दार उघडतो. गाडी १ मागे असेल तर २ आणि ३ दोन्हीकडे बकऱ्या आहेत, त्यामुळे तो ५० वेळा २ उघडेल आणि ५० वेळा ३. गाडी २ मागे असेल तर त्याच्यापुढे पर्यायच नाही. तुमचं दार त्याला उघडता येत नाही आणि गाडीचं उघडायचं नाही, म्हणून शंभरही वेळा ३. गाडी ३ मागे असेल तर शंभरही वेळा २.

आता समजा त्याने ३ उघडलं. असे एकूण डाव किती? ५० अधिक १००, म्हणजे १५०. त्यातल्या ५० डावांत गाडी तुमच्याच दारामागे आहे आणि १०० डावांत ती २ मागे आहे. बदललं तर १५० पैकी १०० वेळा गाडी मिळते, म्हणजे दोन-तृतीयांश.

तुमच्या खेळातल्या सूत्रसंचालकाला काहीच माहीत नाही. तो नाणं उडवल्यासारखं २ किंवा ३ उघडतो. गाडी १ मागे असेल तर ५० वेळा ३ उघडलं जाईल. गाडी २ मागे असेल तरीही ५० वेळाच ३ उघडलं जाईल, कारण २ नंबरचं दार टाळायचं हे त्याला कळतच नाही. गाडी ३ मागे असेल तेव्हाही ५० वेळा ३ उघडलं जाईल आणि गाडी सगळ्यांसमोर येईल. हे शेवटचे ५० डाव तुम्ही सोडून देता. मग ३ उघडून बकरी निघालेले डाव उरतात १००, आणि त्यात ५० इकडे, ५० तिकडे. तुमचे ५० टक्के इथून येतात. तुमच्या खेळासाठी ते अगदी बरोबर उत्तर आहे.

दोन्ही खेळांत तुमच्या डोळ्यांना दिसतं ते सारखंच असतं: ३ नंबरचं दार उघडं आहे आणि तिथे बकरी उभी आहे. तरी उत्तरं वेगळी येतात, कारण सशर्त संभाव्यतेत अट लिहिताना "३ मागे बकरी आहे" एवढं लिहून भागत नाही. अट अशी लिहावी लागते: "या नियमाने वागणाऱ्या माणसाने ३ उघडलं आणि तिथे बकरी निघाली". माहिती कुठल्या वाटेने हाती आली, हाही त्या माहितीचाच भाग असतो.

घडलेल्या घटनेवरून प्रत्येक शक्यतेचं वजन नव्याने काढण्याचा जो बेझचा नियम आहे, त्याने हेच मांडू. गाडी १, २, ३ मागे असण्याला ग१, ग२, ग३ म्हणू आणि ३ उघडून बकरी दिसण्याला उ३. सुरुवातीला तिन्ही ग ची संभाव्यता १/३. आता प्रत्येक ग खरं असेल तर उ३ घडण्याची संभाव्यता किती, म्हणजेच P(उ३ | ग), एवढंच लिहायचं असतं.

माहीतगार सूत्रसंचालकासाठी:

P(उ३ | ग१) = १/२, P(उ३ | ग२) = १, P(उ३ | ग३) = ०

P(उ३) = १/३ × १/२ + १/३ × १ + १/३ × ० = १/२

P(ग२ | उ३) = (१/३ × १) ÷ (१/२) = २/३

अनभिज्ञ सूत्रसंचालकासाठी यात एकच आकडा बदलतो. P(उ३ | ग२) हे १ वरून १/२ वर येतं. मग P(उ३) = १/६ + १/६ = १/३, आणि P(ग२ | उ३) = (१/६) ÷ (१/३) = १/२. सगळा वाद त्या एका आकड्याचा आहे. गाडी २ मागे असताना सूत्रसंचालक ३ च उघडायला बांधलेला आहे की नाही, हे ठरलं की उत्तर ठरलं.

"दोनच दारं उरली म्हणून निम्मी-निम्मी" या विचारात नेमकी हीच पायरी गळते. उरलेल्या शक्यता मोजल्या जातात, पण त्या प्रत्येक शक्यतेत समोरची घटना घडणं किती सहज होतं, हे मोजलं जात नाही. माहीतगाराच्या खेळात "गाडी २ मागे" ही शक्यता खरी असेल तर ३ उघडणं अटळ असतं. "गाडी १ मागे" खरी असेल तर ते निम्म्याच वेळा घडलं असतं. घडलेली गोष्ट "गाडी २ मागे" या शक्यतेला दुप्पट पाठिंबा देते, म्हणून तिचं पारडं दुप्पट जड होतं.

लोक पटवून देण्यासाठी शंभर दारांचं उदाहरण देतात: तुम्ही एक निवडलं, सूत्रसंचालकाने ९८ दारं उघडली, सगळीकडे बकऱ्या, तर आता उरलेल्या एका दाराकडे जाणार नाही का? मी हे उदाहरण वर्गात जपून वापरते, कारण ते अर्धवट सांगितलं तर चुकीचंही पटवतं. सूत्रसंचालक माहीतगार असेल तर बदलून जिंकण्याची शक्यता ९९/१०० आहे हे खरं. पण त्याने डोळे मिटून ९८ दारं उघडली आणि निव्वळ योगायोगाने गाडी निघाली नाही, तर तिथेही उत्तर निम्मं-निम्मंच येतं. असा योगायोग शंभरात दोनदाच घडतो: एकदा गाडी तुमच्या दारामागे असते म्हणून, एकदा ती त्या न उघडलेल्या दारामागे असते म्हणून. शंभर दारांचं चित्र पटतं ते दारांच्या संख्येमुळे नाही. एवढी दारं बिनचूक उघडणारा माणूस जाणूनबुजून उघडत असणार, हे आपण मनात गृहीत धरतो, म्हणून ते पटतं.

आता प्रोग्राम. दोन्ही खेळ एकाच कोडमध्ये बसवले की फरक कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.

```python
import random

def khel(mahit, n=100000):
    jinkle = mojle = 0
    for _ in range(n):
        gadi = random.randrange(3)
        nivad = random.randrange(3)
        paryay = [d for d in range(3) if d != nivad]
        if mahit:
            paryay = [d for d in paryay if d != gadi]
        ughadle = random.choice(paryay)
        if ughadle == gadi:
            continue
        mojle += 1
        navin = 3 - nivad - ughadle
        jinkle += (navin == gadi)
    return mojle, jinkle / mojle

print(khel(True))
print(khel(False))
```

दारांना ०, १, २ असे क्रमांक दिले आहेत. त्यांची बेरीज ३ होते, म्हणून ३ मधून निवडलेलं आणि उघडलेलं दार वजा केलं की उरलेलं दार मिळतं. `khel(True)` मध्ये मोजलेले डाव पूर्ण एक लाख असतील आणि बदलून जिंकण्याचं प्रमाण ०.६६७ च्या आसपास येईल. `khel(False)` मध्ये मोजलेले डाव सुमारे ६६,७०० च असतील आणि प्रमाण ०.५ च्या आसपास. प्रमाणाबरोबर `mojle` हा आकडाही मी मुद्दाम परत करायला लावलाय, कारण निदान त्यावरच होतं. लाख डावांतले सुमारे ३३,३०० कुठे गेले हा प्रश्न तुमच्या प्रोग्रामने तुम्हाला विचारायला हवा होता. ते डाव तुम्ही लबाडीने पुसलेले नाहीत हे मला कळतं. तुमच्या हिशेबात ते "अवैध" होते. पण मैत्रिणीच्या खेळात तेच डाव बदलणाऱ्याला गाडी देतात. त्या डावांत तुमची पहिली निवड चुकलेली होती, आणि माहीतगार सूत्रसंचालक तिथे दुसरं दार उघडून तुम्हाला गाडीपाशी नेऊन सोडतो. वर ३०० डावांत हेच दिसलं. तुमच्या गाळणीतून पहिली निवड चुकलेले २०० पैकी १०० डाव गळतात आणि बरोबर असलेले शंभरही टिकतात.

याहून लबाड एक चूक आहे, आणि ती मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गाडी निघाली की डाव सोडण्याऐवजी ते एवढंच लिहितात:

```python
while ughadle == gadi:
    ughadle = random.choice(paryay)
```

दिसायला हे "परत प्रयत्न कर" इतकं निरागस आहे. पण इथे गाडी आणि तुमची निवड तशीच राहते, फक्त सूत्रसंचालक बकरी निघेपर्यंत दार बदलत राहतो. गाडी २ मागे असेल तर शेवटी तो ३ वरच येऊन थांबतो, म्हणजे P(उ३ | ग२) पुन्हा १ झालं. अनभिज्ञ सूत्रसंचालक लिहायला बसलेल्याने नकळत माहीतगार लिहिला, आणि उत्तर ०.६६७ आलं. पूर्ण डाव नव्याने मांडला तर ०.५, फक्त दार नव्याने निवडलं तर ०.६६७. म्हणून सिम्युलेशन तपासताना पहिली गोष्ट हीच बघावी: नको ती गोष्ट घडली तेव्हा कोडने काय पुन्हा केलं आणि काय तसंच ठेवलं.

डावांची संख्याही बघायला हवी, पण त्यात फार वेळ घालवू नका. n डावांत आलेलं प्रमाण खऱ्या p पासून साधारण √(p(1−p)/n) इतकं हलतं, आणि त्याच्या दुपटीपलीकडे क्वचितच जातं. p दोन-तृतीयांश असेल आणि डाव ३० च असतील, तर हे हलणं सुमारे ०.०८६ आहे, म्हणजे प्रमाण ०.४९ पासून ०.८४ पर्यंत कुठेही येऊ शकतं. एक्का आणि दोन दुऱ्या घेऊन वर्गात ३० डाव खेळवले की एखाद्या बाकावर १५ येतात आणि तो बाक "बघा, निम्मेच!" म्हणून ओरडतो. त्यांचंही चुकत नाही, ३० डाव या दोन उत्तरांत निवाडा करायला कमीच पडतात. लाख डावांत हेच हलणं ०.००१५ होतं. त्यामुळे तुमचे ५० टक्के नशिबाने आलेले नाहीत, तुमच्या नियमामुळे आलेत. सिम्युलेशनचे डाव वाढवल्याने नियमातला फरक कधीच भरून निघत नाही. चुकीच्या खेळाचं उत्तर फक्त जास्त अचूक मिळतं.

हे कोडं गाजलं तेही याच फटीमुळे. १९७५ मध्ये स्टीव्ह सेल्विन यांनी ते "द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन" या नियतकालिकाला पत्ररूपाने पाठवलं. त्यात दारांऐवजी तीन खोकी होती. नाव पडलं ते "लेट्स मेक अ डील" या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचे सूत्रसंचालक मॉन्टी हॉल यांच्यावरून. १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी "परेड" साप्ताहिकातल्या आपल्या सदरात "बदला, दोन-तृतीयांश" असं उत्तर दिलं. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी, आणि त्यांतली सुमारे हजार पीएचडी झालेल्यांची होती. त्यांच्या सदरातल्या प्रश्नात सूत्रसंचालकाला दारांमागचं माहीत असतं हे स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांतून ते तीन-चार शब्द निसटले. पॉल एर्डिशसारख्या गणितीलाही हे उत्तर आधी पटलं नव्हतं. आंद्रू वाझोनी या त्यांच्या मित्राने लिहून ठेवलंय की आकृती काढून सांगितलेलं त्यांनी मानलं नाही, संगणकावर सिम्युलेशन बघितल्यावर मानलं, आणि तरीही कारण कळलं नाही म्हणून ते अस्वस्थच होते. मला त्यांची ती अस्वस्थता फार योग्य वाटते. सिम्युलेशन "किती" हे सांगतं, "का" हे त्या P(उ३ | ग२) मध्ये बघावं लागतं.

तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, कारण तीही बहुधा सोपं कारण देत असेल: "पहिल्या निवडीची शक्यता १/३ होती, ती बदलत नाही, म्हणून उरलेली २/३ दुसऱ्या दाराची." माहीतगार सूत्रसंचालक दोन बकऱ्यांत निवड करताना नाणं उडवत असेल तर हे खरं आहे. पण समजा त्याला सवय आहे की जमेल तेव्हा ३ च उघडायचं, कारण ते त्याच्या जवळ आहे. मग गाडी १ मागे असताना तो शंभरही वेळा ३ उघडेल. ३ उघडलेले डाव आता २०० झाले, त्यात १०० वेळा गाडी तुमच्याकडे आणि १०० वेळा २ मागे. म्हणजे ३ उघडलेलं दिसलं तर बदलून निम्मीच शक्यता. आणि त्याने २ उघडलं तर? ते तो नाइलाज असेल तेव्हाच उघडतो, म्हणून गाडी नक्की ३ मागे. ३०० डावांची सरासरी काढा: १०० अधिक १०० भागिले ३००, पुन्हा २/३. सवय माहीत असेल तर एका डावातली शक्यता १/२ ते १ यांमध्ये कुठेही असू शकते, सरासरी मात्र हलत नाही, आणि बदलून तोटा कधीच होत नाही. गाडी १ मागे असताना ३ उघडण्याची शक्यता q धरली तर ३ उघडल्यानंतर बदलून जिंकण्याची संभाव्यता १/(१+q) येते. हे बघायचं असेल तर वरच्या कोडमध्ये `nivad` कायम ० ठेवा, `random.choice(paryay)` च्या जागी `max(paryay)` लिहा आणि `khel(True)` चे डाव उघडलेल्या दाराप्रमाणे वेगळे मोजा. सगळे एकत्र मोजलेत तर सवय झाकली जाते.

बदलून तोटा होतो तो खेळच वेगळा असेल तेव्हा. सूत्रसंचालक तुमचं दार बरोबर असेल तेव्हाच बकरी दाखवून "बदलणार का?" विचारत असेल आणि एरवी गपचूप तुमचं दार उघडून बकरी हाती देत असेल, तर बदलणारा प्रत्येक वेळी हरेल. इथे P(उ३ | ग२) शून्य आहे. १९९१ मध्ये "न्यूयॉर्क टाइम्स"च्या वार्ताहराशी बोलताना मॉन्टी हॉल यांनी स्वतः हे करून दाखवलं होतं: दार उघडून बदलण्याची संधी द्यायलाच हवी असा नियम नसेल, तर खेळ सूत्रसंचालकाच्या हातात राहतो.

म्हणून पैजेचा निकाल तुमच्या प्रोग्रामवरून लावू नका, पैज लावताना वापरलेल्या शब्दांवरून लावा. सूत्रसंचालकाला माहीत आहे आणि तो दर वेळी बकरीचं दार उघडून संधी देतो, असं ठरलं असेल किंवा दोघांच्या मनात तेच असेल, तर मैत्रीण जिंकली. टीव्हीवरच्या खेळाची आठवण ठेवून हे कोडं सांगितलं जातं तेव्हा जवळजवळ नेहमी हेच अभिप्रेत असतं. तुमच्या कोडमध्ये `random.choice` च्या आधी गाडीचं दार पर्यायांतून काढणारी एक ओळ घाला, `continue` पर्यंत प्रोग्राम एकदाही पोचत नाही याची खात्री करून घ्या, आणि मग तुमच्याच संगणकावर ६६.७ येताना बघा.